डमी ओळ घातली, बंद रस्त्यांना दंड लावला, तरी उत्तर चुकतं: कुठून तपासायला सुरुवात करावी

टंचाईच्या दिवसांत टँकरच्या खेपांचं वाटप एक्सेलवर बसवून द्यायचं काम माझ्याकडे गेली काही वर्षं येतं. एरवी मी हाच विषय, म्हणजे वाहतूक समस्या, वर्गात शिकवतो. दोन्हीकडे बिघाड एकच येतो. पुरवठा कमी आणि मागणी जास्त असते, मधले दोन-तीन रस्ते बंद असतात, डमी ओळ घालून गणित ‘संतुलित’ केलेलं असतं, आणि तरी उत्तर भलतंच निघतं. दरवेळी त्याच जागा तपासतो, म्हणून क्रम लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं एखादं तरी दिसत असेल:

- एकूण खर्च संशय यावा इतका कमी निघतो.
- बंद रस्त्यावर खेपा पडतात आणि एकूण खर्च एकदम हजारांतून लाखांत जातो.
- सगळ्यात दूरच्या वाडीला रोज शून्य खेपा येतात.
- कागदावर सोडवताना भरलेल्या चौकटींची संख्या कमी पडते आणि पुढची पायरीच मांडता येत नाही.

तपासणी एकाच उदाहरणावर दाखवतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. चौकटीत एका खेपेचा खर्च रुपयांत आहे. तलावावरून घाटमाथ्याला टँकर चढत नाही, विहिरीवरून बाजारगावाला जाताना मधला साकव टँकरचं वजन पेलत नाही, आणि बोअरवरून पायथ्याच्या गावाला वाटच नाही.

| उद्भव | पायथा | मधली वाडी | बाजारगाव | घाटमाथा | रोजच्या खेपा |
|---|---|---|---|---|---|
| तलाव | ४०० | ६०० | ५०० | बंद | १२ |
| विहीर | ७०० | ३०० | बंद | ९०० | ८ |
| बोअर | बंद | ५०० | ८०० | १००० | ६ |
| मागणी | ९ | ७ | १० | ४ | |

पुरवठा २६, मागणी ३०. चार खेपा कमी. म्हणून चौथी ओळ डमी, म्हणजे काल्पनिक उद्भवाची, तिचा पुरवठा ४, सगळे खर्च शून्य. बंद चौकटींत खूप मोठा आकडा, ज्याला पुस्तकांत एम म्हणतात.

१. बंद चौकटीत खरोखर आकडा आहे का?

एक मिनिटाचं काम आहे, आणि माझ्याकडे आलेल्या फायलींपैकी बऱ्याच इथेच बऱ्या झाल्या. लोक बंद चौकट रिकामी सोडतात, नाहीतर तिथे ‘बंद’ किंवा नुसतं एम हे अक्षर टाकतात. B3:E6 मध्ये खर्च आणि B11:E14 मध्ये खेपा असतील तर एकूण खर्चाचं सूत्र बहुतेक वेळा असं असतं:

```
=SUMPRODUCT(B3:E6,B11:E14)
```

या सूत्राला रिकामी चौकट म्हणजे शून्य, आणि अक्षर म्हणजेही शून्य. चूक असल्याची एक खूणही पडद्यावर उमटत नाही. तुम्ही बंद केलेला रस्ता एक्सेलच्या लेखी फुकटचा होतो आणि सगळ्यात स्वस्त वाटप शोधणारा एक्सेलचा सॉल्व्हर आनंदाने टँकर तिकडे वळवतो. वरच्या तक्त्यात असं केलं तर एकूण खर्च ४,००० रुपये येतो, आणि २६ पैकी १८ खेपा बंद रस्त्यांवरून जातात. तलावाच्या ४ घाटमाथ्याला, विहिरीच्या ८ बाजारगावाला, बोअरच्या ६ पायथ्याला. खरा खर्च याच्या तिपटीहून जास्त आहे. ‘यंदा डिझेल फारच वाचलं की!’ असं वाटलं तर आधी इथे बघा.

तपासायला खर्चाच्या तक्त्यावर हे चालवा:

```
=COUNT(B3:E6)
```

डमी धरून चार ओळी, चार स्तंभ, म्हणजे १६ यायला हवेत. १३ आले तर तीन चौकटींत आकडा नाही. डमी ओळीचे शून्यही लिहिलेले असावेत. रिकामे सोडले तरी उत्तर तेच येईल, पण मोजणी फसेल आणि पुढच्या माणसाला रिकामी चौकट बघून कळणार नाही की ही ‘शून्य’ आहे की ‘राहून गेली’ आहे.

२. डमी योग्य बाजूला आहे का?

पुरवठा कमी असेल तर डमी ओळ, म्हणजे एक काल्पनिक उद्भव. पुरवठा जास्त असेल तर डमी स्तंभ, म्हणजे एक काल्पनिक गाव. हे सगळ्यांना पाठ असतं. घोटाळा होतो तो मागणी बदलल्यावर. आठवड्याने मागणी ३० वरून २७ झाली, पण डमीचे ४ तसेच राहिले. मग पुरवठ्याची बेरीज ३० आणि मागणीची २७, आणि सगळ्या अटी ‘=’ चिन्हाच्या असल्या तर सॉल्व्हर ‘शक्य उत्तर नाही’ म्हणून हात वर करतो. डमीचा पुरवठा हाताने टाकू नका, दोन बेरजांच्या वजाबाकीचं सूत्र ठेवा.

३. डमी ओळीतला शून्य नेमकं काय सांगतोय?

इथे जरा थांबतो, कारण इथली चूक गणिताची नसते आणि त्यामुळे ती पकडलीही जात नाही.

वरचं उदाहरण नीट सोडवलं की खर्च येतो १२,८०० रुपये. तलावातून पायथ्याला ८ आणि बाजारगावाला ४, विहिरीतून पायथ्याला १ आणि मधल्या वाडीला ७, बोअरमधून बाजारगावाला ६. डमीच्या चारही खेपा घाटमाथ्याला. म्हणजे घाटमाथ्याच्या वाडीला पाण्याचा थेंब नाही.

गणित बरोबर आहे. आपण त्याला सांगितलं की पाणी न पोचवण्याचा खर्च कुठेही शून्य. मग जिथे पोचवायला सगळ्यात महाग पडतं तिथलीच मागणी ते आधी मारणार. रोज तेच आकडे, म्हणून रोज तीच वाडी. मी पहिल्यांदा हे बसवून दिलं तेव्हा तक्त्याकडे बघून टँकरवरचा एक चालकच म्हणाला, ‘सर, वरच्या वाडीची विहीर तर माघातच आटली. त्यांना काय द्यायचं?’ माझ्या तक्त्यात विहीर आटल्याची नोंद करायला जागाच नव्हती.

जागा अशी करायची: ज्या गावाची मागणी मारायची नाही, त्याच्या डमी चौकटीत शून्याऐवजी एम. ‘काल्पनिक उद्भवातून घाटमाथ्याला’ हाही एक बंद रस्ताच. असं केल्यावर उत्तर बदलतं:

| उद्भव | पायथा | मधली वाडी | बाजारगाव | घाटमाथा |
|---|---|---|---|---|
| तलाव | ९ | – | ३ | बंद |
| विहीर | – | ७ | बंद | १ |
| बोअर | बंद | – | ३ | ३ |
| डमी | – | – | ४ | बंद |

खर्च १३,५००. घाटमाथ्याला चारही खेपा मिळाल्या आणि तूट बाजारगावावर गेली. त्याची किंमत रोजचे ७०० रुपये, आणि हा आकडा ठरवणाऱ्यांपुढे ठेवता येतो. तूट एकाच गावावर पडू नये असं वाटत असेल तर बाजारगावाची मागणी दोन स्तंभांत फोडा: ‘किमान ८’ आणि ‘वरचे २’. किमानच्या डमी चौकटीत एम घाला, वरच्यात शून्य.

एक गंमत बघण्यासारखी आहे. ‘कुणाचीच मागणी मारायची नाही’ म्हणून काही जण डमी ओळीच्या चारही चौकटींत एम घालतात. त्याने काहीच होत नाही. डमीच्या चार खेपा कुठेतरी जाणारच, त्यामुळे दर उत्तरात चार एम सारखेच वाढतात आणि वाटप शून्य असताना होतं तेच राहतं. डमी ओळीत सगळीकडे एकच आकडा लिहिला तर तो शून्य असो, पाचशे असो की दहा लाख, निर्णय बदलत नाही. निर्णय बदलतो तो चौकटी-चौकटींतल्या फरकाने.

४. एम पुरेसा मोठा आहे का, आणि नको इतका मोठा तर नाही?

‘सगळ्यात मोठ्या खर्चाहून मोठा’ इतकं पुरत नाही. छोटं उदाहरण घ्या. दोन उद्भव, दोन गावं, सगळीकडे एकेक खेप. पहिल्यावरून पहिल्या गावाला बंद. पहिल्यावरून दुसऱ्याला ९००, दुसऱ्यावरून पहिल्याला ९००, दुसऱ्यावरून दुसऱ्याला १००. बंदच्या जागी ९९९ लिहिलं, म्हणजे सगळ्यात मोठ्या खर्चाहून जास्तच. तरी बंद रस्ता धरून खर्च ९९९ अधिक १००, म्हणजे १,०९९ येतो. खुल्या रस्त्यांनी १,८०० येतो. गणित बंद रस्ताच घेणार. इथे एम निदान १,७०० च्या वर हवा.

कारण असं की बंद रस्ता सोडायचा तर एकच खेप हलवून भागत नाही. एक हलवली की दुसरी, मग तिसरी, अशी साखळी फिरून परत येते आणि तिच्यातली प्रत्येक नवी चौकट आपला खर्च जोडते. अशा साखळीत नव्या चौकटी जास्तीत जास्त किती? ओळी आणि स्तंभ यांपैकी जे कमी असेल तितक्या. म्हणून खर्च ऋण नसतील तर हा हिशेब खात्रीचा: ओळी-स्तंभांतली लहान संख्या गुणिले सगळ्यात मोठा खरा खर्च, याच्या वरचा कोणताही आकडा. आपल्या तक्त्यात ४ गुणिले १०००, म्हणजे ४,०००. मी सरळ १०,००० घेतो. गोल आकड्याचा आणखी एक फायदा सहाव्या तपासणीत दिसेल.

‘मोठा पाहिजे ना, मग घ्या’ म्हणून एकावर तीस शून्यं लिहिणारेही भेटतात. एक्सेल सुमारे १५ अंकच धरून ठेवतो. रिकाम्या चौकटीत हे टाकून बघा:

```
=1E+30+13500-1E+30
```

उत्तर शून्य येतं. साडेतेरा हजार गिळले गेले. एवढा एम असला की खऱ्या खर्चांतले फरक हिशेबात दिसेनासे होतात, आणि सॉल्व्हर कुठलंही वाटप ‘सर्वोत्तम’ म्हणून पुढे करू शकतो.

सॉल्व्हरच वापरत असाल तर बंद चौकटीतल्या खेपांवर ‘बरोबर शून्य’ अशी थेट अट घालणं जास्त चांगलं. तिथे एमची गरज नाही. एम ही मुळात कागदावर सोडवणाऱ्यांची सोय आहे.

५. कागदावर सोडवताना इप्सिलॉन कुठे ठेवला?

हे फक्त हाताने सोडवणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढे जावं. चार ओळी, चार स्तंभ असले तर भरलेल्या चौकटी ४ + ४ – १ = ७ लागतात. १२,८०० वाल्या उत्तरात त्या सहाच आहेत, कारण डमी आणि घाटमाथा एकमेकांतच मिटले आणि बाकीच्या तक्त्यापासून तुटले. डमी असलेल्या गणितांत हे वारंवार होतं. मग एका रिकाम्या चौकटीत इप्सिलॉन, म्हणजे नावापुरती शून्यवत खेप, ठेवून दोन्ही भाग जोडायचे.

विद्यार्थी तो हमखास तलाव-घाटमाथा या चौकटीत ठेवतात, कारण ती नजरेसमोर मोकळी दिसते. पण तिथे एम आहे. त्या चौकटीतून घाटमाथ्याची किंमतच एम इतकी निघते आणि मग विहीर-घाटमाथा, बोअर-घाटमाथा या चौकटी प्रचंड फायद्याच्या वाटू लागतात. उत्तर आधीच बरोबर असताना ‘अजून सुधारणा बाकी आहे’ असं दिसतं. इप्सिलॉन डमी-बाजारगाव किंवा विहीर-घाटमाथा इथे ठेवा, पडताळा तिथल्या तिथे जुळतो. बंद चौकटीत इप्सिलॉन ठेवायचा नाही, एवढं वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं तरी पुरे.

६. सगळं बरोबर आहे, तरी एम उत्तरातून जात नाही

आता अवघड भाग. समजा एका रात्रीत दरड कोसळली आणि बोअरवरून मधली वाडी आणि बाजारगाव हे दोन्ही रस्ते बंद झाले. बोअरला आता घाटमाथाच उरला. तक्त्यात आणखी दोन एम घातले. बेरजा अजून जुळतात, डमी सकट ३० आणि ३०. एम १०,००० ठेवून सोडवलं तर खर्च येतो ३२,०००.

एम दहापट करा, म्हणजे १,००,०००. आता खर्च येतो २,१२,०००. दोन आकडे शेजारी ठेवा: दोन एम अधिक १२,०००, आणि पुन्हा दोन एम अधिक १२,०००. गोल एमचा हा फायदा, बंद रस्त्यावरच्या खेपा बेरजेतच वाचता येतात. एम वाढवल्यावर त्या खेपा गेल्या असत्या तर एम लहान होता. इथे त्या हलत नाहीत. म्हणजे हे वाटप मुळात अशक्य आहे, आणि एम कितीही वाढवला तरी अशक्यच राहील.

का, ते बोटांवर मोजता येतं. बोअरच्या खेपा ६, आणि त्याला खुल्या असलेल्या गावांची मागणी मिळून ४. दोन खेपा जाणार कुठे? एकूण पुरवठा कमी असल्यामुळे आपण गृहीत धरलं की प्रत्येक उद्भवाची प्रत्येक खेप वापरली जाईलच. एकीकडे चार खेपांची तूट आणि दुसरीकडे दोन खेपा पडून, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे आपल्या डमीच्या लक्षातच नाही. डमीने एकूण बेरीज जुळवली. कुठला रस्ता कुठे पोचतो हे तिने पाहिलंच नाही.

म्हणून रस्ता बंद झाला की सोडवण्याआधी ही मोजणी करा. प्रत्येक उद्भवासाठी: त्याला खुल्या असलेल्या गावांची मागणी त्याच्या खेपांहून कमी तर नाही? डमीत एम असलेल्या प्रत्येक गावासाठी: त्याला खुल्या असलेल्या उद्भवांच्या खेपा त्याच्या मागणीहून कमी तर नाहीत? एकेकटे तपासून झालं की दोन-दोन उद्भव एकत्र धरूनही मोजा. दोन उद्भव वेगवेगळे बघितले तर बरे दिसतात, पण दोघांची वाट एकाच गावाला जात असते आणि तिथे गर्दी होते.

उपाय म्हणजे डमी ओळीच्या जोडीला डमी स्तंभही घालायचा, ‘शिल्लक’ नावाचा. त्याची मागणी २. आता मागणी ३२ झाली, म्हणून डमी ओळीचा पुरवठा ४ ऐवजी ६. शिल्लक स्तंभाचे खर्च शून्य. हे केल्यावर बोअर ४ खेपा घाटमाथ्याला पाठवतो आणि २ शिल्लक ठेवतो. बाकीचं वाटप १२,८०० वाल्या उत्तरातलं, फक्त बाजारगावाला १० ऐवजी तलावाच्या ४ खेपाच. खर्च १२,०००, आणि एकही एम नाही. खर्च १३,५०० पेक्षा कमी दिसतोय म्हणून खूश होऊ नका, दोन खेपा कमी धावल्या आहेत.

शिल्लक किती ते आधी माहीत नसेल तर शिल्लक स्तंभाला सगळा पुरवठा, २६, आणि डमी ओळीला सगळी मागणी, ३०, द्या. दोन्ही बाजू ५६ होतात. पण मग डमी ओळीत शून्य चालणार नाही. शून्य ठेवलं तर सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे एकही टँकर न हलवणं, आणि गणित तेच सांगेल: खर्च शून्य रुपये, पाणी कुणालाच नाही. इथे डमी ओळीत प्रत्येक गावाखाली तुटीचा खराखुरा दंड लिहावा लागतो. खेपेच्या खर्चाहून तो चांगलाच जास्त, पण बंद रस्त्याच्या एमपेक्षा बराच कमी, उदाहरणार्थ ५,००० आणि १,००,०००. फक्त डमी ओळ आणि शिल्लक स्तंभ जिथे मिळतात ती चौकट शून्य. तूट आणि बंद रस्ता या दोन्हींना एकच एम लावला तर बाजारगावाची मागणी भागवायला गणित टँकर दरड कोसळलेल्या रस्त्यावरूनही नेऊ शकेल, आणि त्याला त्यात काही वावगं वाटणार नाही.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

सहावी तपासणी करूनही एम उरत असेल तर तक्त्याशी झटापट थांबवा. घाटमाथ्याच्या डमीत एम आहे आणि तिथले सगळे रस्ते बंद, अशा वेळी गणिताकडे उत्तर नसतं. रस्ता कधी खुला होणार, लहान टँकर मिळेल का, मागणी किती कमी धरायची, हे ज्याच्या सहीने ठरतं त्याच्याकडे जा. जाताना ‘बोअरच्या दोन खेपा पडून आहेत, बाजारगावाला सहा कमी आहेत’ एवढं एक वाक्य लिहून न्या. एम दाखवू नका, तिथे कुणी तो वाचत नाही.

दुसरी हद्द गणिताची. टँकर वेगवेगळ्या मापाचे आहेत, एकाच फेरीत दोन वाड्या करायच्या आहेत, भरायला रांग लागते, वीज अमुक वेळीच असते, असं काही आलं की ही वाहतूक समस्या राहत नाही. ते फेऱ्यांच्या नियोजनाचं गणित आहे आणि डमी-एमची मलमपट्टी त्याला लागू पडत नाही. त्यासाठी ऑपरेशन्स रिसर्चचा जाणकार लागतो. तसंच एक्सेलसोबत मिळणारा सॉल्व्हर २०० बदलत्या चौकटींपर्यंतच चालतो. १५ उद्भव आणि १५ गावं झाली की २२५ होतात. तक्त्याचे तुकडे करून वेगवेगळे सोडवू नका. प्रत्येक तुकडा आपापली तूट आपल्यातच जिरवतो, आणि शेजारच्या तुकड्यात पडून असलेल्या खेपा कुणाला दिसत नाहीत.